अंतिम सामन्याआधी, मॅटच्या कडेला

(17 वर्षांखालील मुलींचा शालेय कबड्डी संघ. सामन्याला दहा मिनिटं. बाई बोलताहेत.)

पोरींनो, बूट बांधून झाले? या जवळ. बसू नका, बसलं की पोटात गोळा येतो.

हात पुढे करा. नखं दाखवा. पंचांनी बघायच्या आधी मी बघते.

तुझं करंगळीचं राहिलंय. नेलकटर द्या गं तिला कुणीतरी.

हं. आता ऐका. मी थोडकंच बोलणार आहे, कारण आता शिकवायचं काही राहिलेलं नाही.

छाती धडधडतेय? धडधडू दे. माझीही धडधडतेय, आणि मला तर खेळायचंही नाही.

समोर गेल्या वर्षीच्या विजेत्या आहेत. गेल्या वर्षीच्या! आजचा गुणफलक बघा, दोन्हीकडे शून्य आहे.

त्या उंच आहेत खऱ्या. पण घोटा सगळ्यांचा जमिनीजवळच असतो.

साखळी सामन्यात त्यांनी आपल्याला 4 गुणांनी हरवलं. का, ते तुम्हाला माहीत आहे. साखळी सामन्यात आपली साखळीच सुटली. एकीनं पकड घातली आणि दोघी बघत राहिल्या.

आज बघायला लोक आलेत. बघायचं काम त्यांचं.

एकीनं हात घातला की सातही जणी अंगावर. ती पकड बरोबर होती की घाईची, ते नंतर मी बघेन. आधी पडा तिच्यावर.

साखळीत बोटं धरू नका, मनगट धरा. घामानं बोटं निसटतात.

डावा कोपरा, इकडे बघ. त्यांची नऊ नंबर पाय पुढे टाकून दाखवते. मुद्दाम दाखवते. तेव्हा झेपावू नकोस. पाय मागे खेचायला लागली की घोटा धर, त्या क्षणी तिचा सगळा भार दुसऱ्या पायावर असतो. सरावात शंभरदा केलंयस. एकशे एकावं आज.

आणि धरलास की सोडू नकोस. तोंड मातीत गेलं तरी... बरं, मॅटमध्ये गेलं तरी.

उजवा कोपरा, तू बोलत राहा. तू गप्प झालीस की सगळा बचाव आंधळा होतो.

मधल्या दोघी, तिला लॉबीकडे ढकला. पण हात लागला की लॉबी उघडते, हे डोक्यात ठेवा. बाहेर गेली समजून हात सैल सोडलेत तर ती तिथूनच निसटेल.

आता चढाईवाल्या.

पलीकडे पाय पडायच्या आधी तोंडात ‘कबड्डी’ पाहिजे. आणि ती मला इथपर्यंत ऐकू आली पाहिजे. पुटपुटायचं नाही. आवाज बारीक झाला की पायही बारीक पडतात, मी बघितलंय.

30 सेकंद असतात. खूप असतात. घाई त्यांना होऊ दे.

समोर सहा किंवा सात जणी असतील तर बोनस रेषेकडे एक डोळा. पाय टाक, दुसरा उचल, परत ये. लोक टाळ्या वाजवणार नाहीत, पण फलकावर एक गुण चढलेला असेल.

रिकामी परत आलीस तर मान खाली घालायची नाही. निदान रेषा ओलांडून सुखरूप परत येणं हेही कामच आहे.

तिसरी चढाई मात्र रिकामी नको. दोनदा रिकामे आलो की तिसऱ्या वेळी गुण आणायचा, नाहीतर बाहेर. त्या चढाईला जी जाईल तिनं माझ्याकडे बघू नये. मी काही सांगणार नाही. समोर बघ आणि जा.

आता एक सांगते, ते नीट ऐका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आज तुम्ही बाद होणार आहात. सगळ्या जणी, एकदा तरी. चांगल्या खेळणाऱ्या जास्त वेळा होतील, कारण त्याच पुढे जातात.

बाद झालात की बाकावर रांगेनं बसायचं. रडायचं नाही, पाण्याची बाटली आपटायची नाही. डोळे मॅटवर.

कारण आत कुणीतरी तुमच्यासाठी गुण आणायला गेलेली असते. तिनं एकीला मारलं की तुमच्यातली एक जिवंत. जी आधी बाद झाली, ती आधी उठणार. दुसऱ्या कुठल्या खेळात आहे हे? क्रिकेटमध्ये बाद झालं की पॅड काढायचे. आपल्यात बाद झालेली परत येते, आणि तिला मैत्रीण परत आणते.

म्हणून आत असाल तेव्हा बाकाकडे बघा. कोण बसलंय बघा. तिला आणायचंय.

तिघीच उरलात तरी घाबरायचं नाही. तिघींनी धरलं तर अव्वल पकड, एका गुणाच्या जागी दोन. समोरची चढाईवाली तेव्हा लोणाचे दोन गुण मोजत येते. मोजू दे.

लोण बसलाच तर? बसला. सातही जणी ताज्या परत आत. पुढची चढाई.

2018 साली जकार्ताला आपल्या मुली आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना इराणकडून हरल्या. पुढची स्पर्धा हांगझोऊला, 2023 मध्ये झाली. तिथे साखळीत चायनीज तैपेईनं त्यांना 34-34 असं बरोबरीत रोखलं. अंतिम सामन्यात पुन्हा तैपेईच समोर. किती फरकानं जिंकल्या? 26-25. एक गुण! तो गुण कुणाच्या बोनसचा, कुणाच्या पकडीचा, आता कुणी विचारत नाही. सुवर्ण सगळ्यांच्या गळ्यात.

बाहेरच्या पाच जणी, तुम्ही प्रेक्षक नाही. ट्रॅकसूटच्या चेन उघड्या ठेवा. मी नाव घेतलं की उभं राहायचं, ‘मी?’ असं विचारायचं नाही.

पंचांशी फक्त कॅप्टन बोलेल. निर्णय कितीही चुकीचा वाटला तरी बाकीच्यांचं तोंड ‘कबड्डी’ म्हणायलाच उघडेल.

आणि त्यांची एखादी पडली, तर उठायला हात द्या. मग पुढच्या चढाईला परत पाडा.

पंधरा मिनिटं, मधे पाच मिनिटं, परत पंधरा. सकाळी साडेपाचला अंधारात मैदानाला फेऱ्या मारल्यात तुम्ही. आईनं हाक मारायच्या आधी उठलात. त्यापुढे पंधरा मिनिटं ती काय!

कॅप्टन, नाणेफेक जिंकलीस तर चढाई घे. आपण आधी जाऊ.

या. गोल करा. हात मधोमध. तुझा हात गार पडलाय गं, चोळ जरा. हं.

मी विचारते, तुम्ही सांगा. भिंतीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

साखळी?

— सुटणार नाही!

दम?

— तुटणार नाही!

बाद झाली तर?

— परत आणणार!

कुणाला?

— सगळ्यांना!

परत एकदा. मागच्या दोघींचा आवाज आला नाही मला.

साखळी?

— सुटणार नाही!

दम?

— तुटणार नाही!

बास. आत जाताना मॅटला हात लावा, कपाळाला लावा, आणि आपापल्या जागी उभ्या राहा.

पळत जायचं नाही. चालत. सातही जणी एका ओळीत.

चला.