कोकण रेल्वे : प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गासाठी केस स्टडीचे प्रश्न

एम.बी.ए. दुसरे सत्र. चार-चार जणांचे गट, वेळ दीड तास, एकूण गुण ५०.

गेल्या वर्षी याच प्रकरणावर आलेल्या बहुतेक उत्तरांत महामंडळ केव्हा स्थापन झाले, बोगदे किती आणि पहिली गाडी कधी धावली हे सविस्तर लिहिलेले होते. निर्णय घेणाऱ्यासमोर दुसरा कोणता रस्ता खुला होता आणि तो सोडताना काय गमवावे लागले, हे मात्र दोन-तीन गटांनीच लिहिले. ती चूक विद्यार्थ्यांइतकीच माझ्या प्रश्नांची होती, कारण 'कोकण रेल्वेच्या उभारणीतील अडचणी स्पष्ट करा' असे विचारले की अडचणींची यादीच हाती येणार. म्हणून या वेळी घटनाक्रम मीच देतो आणि तो उत्तरात पुन्हा लिहिल्यास त्याला गुण मिळणार नाहीत.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. भागभांडवल मर्यादित असल्याने बहुतांश पैसा रोख्यांतून उभारला गेला. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरच्या एकेरी मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. पाच वर्षांत पूर्ण करायचे ठरलेले काम जानेवारी १९९८ मध्ये संपले आणि त्यापूर्वी काही टप्पे १९९३ पासून सुरू झाले होते. ई. श्रीधरन हे उभारणीच्या काळात महामंडळाचे प्रमुख होते.

प्रत्येक उत्तरात तुम्ही निर्णयाच्या त्या दिवशी उभे आहात असे समजा. पुढे काय झाले हे तुम्हाला ठाऊक असले तरी त्या व्यक्तीला ठाऊक नव्हते. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय बरोबर होता, हा युक्तिवाद स्वीकारला जाणार नाही.

प्रश्न १ (१२ गुण). पुढील आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. प्रकल्पावर १,००० कोटींचे कर्ज असून व्याज १४ टक्के, म्हणजे वर्षाला १४० कोटी आहे. एक कंत्राटदार जादा ५० कोटी मिळाल्यास आपल्या टप्प्याचे काम सहा महिने लवकर संपवायला तयार आहे. वरवर पाहता ७० कोटींचे व्याज वाचते आणि २० कोटींचा फायदा होतो. परंतु गोव्याच्या उत्तरेकडील पेडण्याच्या बोगद्यात माती मऊ आणि पाण्याने भरलेली असल्याने खोदलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळतो आहे, आणि तो बोगदा पूर्ण झाल्याशिवाय मुंबईहून मंगळूरला गाडी जाणार नाही. पेडणे वेळेत होण्याची शक्यता किमान किती असली तर हा सौदा करावा? आकडा काढा आणि नंतर तो बाजूला ठेवून सांगा की टप्पा एकटाच आधी सुरू झाल्यास मिळणारे थोडे उत्पन्न, थकलेले मजूर आणि घाईत राहून जाणारी तपासणी यांपैकी कोणत्या गोष्टीने तुमचा निर्णय उलटेल. जी गोष्ट उलटवणार नाही, तीही का नाही ते लिहा.

प्रश्न २ (१४ गुण). गोव्यात किनारपट्टीजवळून जाणाऱ्या मार्गाला विरोध झाला आणि १९९३ मध्ये तिथले काम थांबवून चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे मूळ मार्गच मोठ्या प्रमाणात कायम राहिला. विरोध समजून घ्यायचा तर खाजन शेती डोळ्यांसमोर आणावी लागेल. नदीच्या भरती-ओहोटीच्या पातळीवरची ही जमीन मातीच्या बांधांनी राखलेली असते आणि बांधातल्या मानशीतून, म्हणजे लाकडी दारांतून, पाणी आत-बाहेर सोडले जाते. अशा जमिनीतून रेल्वेचा भराव गेला आणि एका ठिकाणी जरी पाण्याची वाट अडली, तरी नुकसान ज्याची जमीन संपादित झाली त्याच्यापुरते राहत नाही, पलीकडच्या शेतकऱ्यापर्यंत पोचते, आणि त्याचे नाव भरपाईच्या यादीत नसते.

आयोगाचा अहवाल अजून आलेला नाही. तुमच्याकडे गोव्याच्या टप्प्यावर माणसे आणि यंत्रे उभी आहेत, त्यांचा खर्च चालू आहे. ती दुसरीकडे हलवली तर परत आणायला महिने लागतील. तिथेच ठेवली तर दबाव आणण्यासाठी ठेवली, असा अर्थ लोक काढतील. तुम्ही काय कराल? भरपाईच्या यादीत नसलेल्या शेतकऱ्याचे नुकसान तुमच्या हिशेबात कसे धराल आणि त्यासाठी मार्गाच्या लांबीत किंवा खर्चात किती वाढ सोसाल? 'सर्व घटकांना विश्वासात घ्यावे' हे वाक्य उत्तरात वापरू नये. ते चुकीचे नाही, पण त्यामुळे निर्णय टळतो.

प्रश्न ३ (६ गुण). मार्ग एकेरी बांधला. रोहा ते वीर या भागाचे दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले; बोगद्यांच्या पट्ट्यात तेच काम कितीतरी महाग आहे. १९९० मध्ये दुसऱ्या रुळासाठी फक्त जमीन घेऊन ठेवावी, पुलांचे पायही रुंद बांधावेत, की काहीच करू नये? एकच पर्याय निवडा आणि त्यासाठी पहिल्या रुळाच्या कामातून नेमके काय वगळाल ते सांगा.

प्रश्न ४ (१४ गुण). २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीतून रुळावर आलेल्या दगडांवर विशेष गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसलाही रायगड जिल्ह्यात दरडीमुळे अपघात झाला. आज पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक असते, गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि कटिंगमध्ये गस्त घातली जाते.

रात्री दोन वाजता मुसळधार पावसात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात लाल दिवा घेऊन खडीवरून चालणारा गस्तवाला डोळ्यांसमोर ठेवा. त्याला दगड दिसेल की नाही, हे पावसाच्या पडद्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे एका वर्षासाठी ठरावीक रक्कम आहे. त्यातून काही कटिंगचे उतार कापून, जाळ्या लावून ते कायमचे सुरक्षित करता येतील, पण उरलेल्या ठिकाणी गस्त विरळ होईल. किंवा सगळीकडे गस्त वाढवता येईल, पण पुढच्या पावसाळ्यात तोच खर्च पुन्हा उभा राहील. वेग आणखी कमी केला तर दोन्हीची गरज घटते, मात्र गाड्या कमी धावतात आणि गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाला गर्दीने भरलेल्या एस.टी.चा आणि घाटरस्त्याचा आधार घ्यावा लागतो. तोही धोकाच आहे; फक्त तो रेल्वेच्या नोंदीत येत नाही. तुमचे वाटप द्या आणि ज्या कटिंगला तुम्ही शेवटी ठेवले, तिथल्या गस्तवाल्याला ते समोर बसून कसे सांगाल ते त्याच्याशी बोलल्यासारखे लिहा. हा भाग मी सर्वांत काळजीपूर्वक वाचणार आहे.

प्रश्न ५ (४ गुण). कर्ज फेडता यावे म्हणून या मार्गावर प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून भाडे आकारले गेले. हा भार कोकणातल्या प्रवाशाने सोसावा, की देशभरच्या करदात्याने? दहा ओळींत उत्तर द्या.

गुण देताना मी तीन गोष्टी पाहीन : सोडून दिलेल्या पर्यायाची किंमत सांगितली आहे का, ती कोण मोजतो हे नेमके लिहिले आहे का, आणि कोणती माहिती मिळाली तर तुमचे मत बदलेल हे प्रामाणिकपणे मांडले आहे का. गटात एकमत झाले नाही तर दोन्ही मते लिहावीत. त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. उत्तरे शुक्रवारी तासाच्या सुरुवातीला द्यावीत आणि चौथ्या प्रश्नावर त्याच तासात प्रत्येक गटाने पाच मिनिटे बोलावे.