थोरांच्या तोंडून सोलापूर : इयत्ता नववी, इतिहास गटप्रकल्प (२० गुण)

मुलांनो,

हा कागद वहीत चिकटवा आणि आज रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवा. आई-वडिलांना यातलं बरंच लागणार आहे.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, कारण चूक माझी होती. एका गटाने मिलवर फाइल केली होती. देखणी, रंगीत चित्रांची. मी पाचही जणांना सरसकट १८ गुण दिले. नंतर कळलं की चौघांनी मुखपृष्ठावर नाव घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एकीने दोन रात्री जागून सगळं लिहिलं होतं, आणि निम्मं मोबाइलवरून उतरवलेलं. ती काही बोलली नाही. तिच्या आईने पालकसभेत विचारलं, "बाई, पाच जणांचे गुण एकटीनं मिळवायचे असतात का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदाचे प्रश्न म्हणूनच असे आहेत की ते एकट्याला सुटत नाहीत आणि मोबाइलला तर मुळीच सुटत नाहीत. गट पाच जणांचा. प्रत्येकाने साठीच्या पुढची एक व्यक्ती शोधायची आणि तिच्याशी स्वतः बोलायचं. पाचांनी पाच मुलाखती आणल्या की गटाने त्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मग गटाच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. एक मुलाखत कमी पडली तर उत्तर लंगडं होतं, हे तुम्हालाच दिसेल.

विषय आणि गटाचे प्रश्न (प्रत्येक गटाने एकच निवडायचा)

१. मिल. आपल्याकडची जुनी मिल १८७७ सालची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या मिल आल्या आणि पाळीच्या भोंग्यावर अर्धं गाव उठू-झोपू लागलं. गटाचा प्रश्न : मिल बंद झाल्यावर पहिल्या वर्षात पाच घरांचा खर्च कसा चालला? कोणत्या घरात कोणी नवीन काम धरलं, कोणाची शाळा सुटली, कोण गाव सोडून गेलं? पाच घरांत सारखं काय आणि वेगळं काय?

२. माग. पूर्व भागातल्या चादरी आणि टॉवेल. गटाचा प्रश्न : हातमागावरून यंत्रमागावर आल्यावर घरातल्या बायकांचं आणि मुलांचं काम कमी झालं, वाढलं की नुसतं बदललं? कांड्या कोण भरायचं, रंगणी कुठे व्हायची, आठवड्याचा पगार कोणाच्या हातात पडायचा, हे पाचांनाही विचारा.

३. विडी. गटाचा प्रश्न : हजार विड्या वळायला लागणारा वेळ दिवसातून कुठून काढला जायचा? थोर बाईंच्या एका दिवसाचं पहाटेपासून रात्रीपर्यंतचं वेळापत्रक करा. पाच वेळापत्रकं एका तक्त्यावर आली की उत्तर तुम्हाला लिहावं लागणार नाही, तक्त्यातच दिसेल.

४. पाणी. १९७२ चा दुष्काळ, हिप्परगा तलाव, १९८० मध्ये पुरं झालेलं उजनी धरण. गटाचा प्रश्न : पाच पेठांत १९७२ साली पाणी कुठून यायचं, कोण आणायचं आणि भांडणं कशावरून व्हायची? आज तुमच्या घरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, तेही शेजारी लिहा.

५. गड्डा. गटाचा प्रश्न : होम मैदानावरची जत्रा पन्नास वर्षांत काय काय गमावून बसली आणि तिच्यात नवं काय आलं? सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ही माहिती कुठेही मिळते, तिला गुण नाहीत. खिशात किती पैसे असायचे, काय खाल्लं, घरी कोणाला खोटं सांगून गेलात, हे मिळवा.

६. मार्शल लॉ. हा विषय अवघड आहे, धाडसी गटानेच घ्या. १९३० च्या मे-जूनमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज शंभरी ओलांडून गेलेलं असणार. म्हणजे तुम्हाला भेटणाऱ्या आजोबांनी हे स्वतः पाहिलेलं नाही, ते ऐकलेलं सांगणार. गटाचा प्रश्न : चार हुतात्म्यांची गोष्ट पाच घरांत कोणाकडून कोणाकडे आली आणि येता येता तिच्यात काय बदललं? इथे "तुम्हाला हे कोणी सांगितलं, तुम्ही तेव्हा केवढे होता?" हा प्रश्न प्रत्येक वाक्यानंतर विचारायचा. आजोबा चिडले तर चिडू द्या, पण नम्रपणे विचारा.

आपले प्रश्न कसे लिहायचे

गटाचा प्रश्न आजोबांना तसाच विचारायचा नाही. मी स्वतः पहिल्यांदा शेजारच्या मामांना विचारलं होतं, "मिलमधलं जीवन कसं होतं?" मामा म्हणाले, "बरं होतं की." संपलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मामा, तुमचा डबा कोण पोचवायचं?" तर पाऊण तास बोलले. डब्यावरून बायकोवर, बायकोवरून बदली कामगाराच्या दिवसांवर (सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी), तिथून ते बंद झालेल्या गेटपर्यंत आले. उठून हाताच्या खुणाही करून दाखवल्या. मागांच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून "चहा", "साहेब आला", "धागा तुटला" हे सगळं हातांनी. ती खूण मी आजही करून दाखवू शकते.

म्हणून प्रत्येकाने बारा प्रश्न लिहायचे आणि त्यांतले निदान आठ हात लावता येईल अशा गोष्टींबद्दल हवेत : भांडं, पैसे, वेळ, रस्ता, कपडा, वास. "हो" किंवा "नाही" म्हणून संपणारा प्रश्न मी खोडणार. "त्या काळी लोक किती साधे होते ना?" असा प्रश्न तर दोनदा खोडणार, कारण त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. आणि पाचांचे बारा प्रश्न सारखे आले तर ते एकाचेच धरले जातील.

साल विचारू नका, साल कोणालाच आठवत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?", "आणीबाणी होती का तेव्हा?", "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कामावर होता का?" असं विचारा. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटेचा. ती रात्र इथे बहुतेकांना लक्षात आहे.

दोघांचं सांगणं जुळलं नाही तर घाबरू नका. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, ते तुम्ही लहान असताना पाहिलंय किंवा मोबाइलवर तरी पाहिलंय. परवा वर्गात विचारलं, वेळ कोणती होती, चिमणी कुठल्या बाजूला पडली? उत्तरं किती वेगवेगळी आली ते आठवा. दोन वर्षांत तुमचं हे, तर पन्नास वर्षांत आजींचं काय? न जुळणाऱ्या गोष्टी लपवू नका, त्यांनाच गुण आहेत.

तेलुगू, कन्नड, दखनी, ज्या भाषेत आजी मोकळ्या बोलतात त्या भाषेत बोला. लिहिताना मराठीत लिहा, पण त्यांची दोन-तीन वाक्यं मूळ भाषेतच, देवनागरीत ठेवा.

विडी वळणाऱ्या आजींना काम थांबवायला सांगू नका. सूप मांडीवर असताना त्या जास्त बोलतात, आणि तेवढ्या वेळची मजुरीही बुडत नाही.

परवानगी आणि मर्यादा

रेकॉर्डिंग आधी विचारून. "नाव घालू नको" म्हणाल्या तर घालायचं नाही. मिलची देणी, जमिनीची भांडणं, दंगल यांबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, खोदू नका. डोळ्यांत पाणी आलं तर वही मिटा. अनोळखी घरी एकट्याने जायचं नाही, जोडीने आणि घरी सांगूनच. घरात किंवा शेजारी कोणी थोर नसतील तर मला सांगा, मी गाठ घालून देईन. यासाठी गुण कमी होणार नाहीत. संध्याकाळी कामावर जाणाऱ्या मुलांसाठी शनिवारी शाळेतच मुलाखतीची सोय करते.

गुण

स्वतःचे १४ : बारा प्रश्न ३, मुलाखतीची नोंद ५ (त्यातली पाच मिनिटं जशीच्या तशी, अडखळण्यासकट), पडताळणी २, तोंडी ४.
गटाचे ६ : तुलनेचं पान ४, वर्गातली मांडणी २.

तोंडीला मी तुमच्याच नोंदीतलं एक वाक्य वाचून विचारणार, "हे म्हणताना आजोबा कुठे बसले होते? त्यानंतर तू काय विचारलंस?" जो तिथे होता त्याला हे सोपं आहे. अक्षर आणि सजावट यांना शून्य गुण. पाठांतर करून भाषण देणाऱ्याला जास्त आणि लाजऱ्याला कमी, असं होणार नाही. लाजऱ्यांनी हवं तर माझ्याशी एकटं बोलावं.

गटाचे ६ सगळ्यांना सारखे मिळतीलच असं नाही. प्रत्येक जण एक बंद चिठ्ठी देईल : गटात कोणी काय केलं, स्वतःसकट. शिवाय गटाची कामाची वही, तारीख आणि सहीसह. नुसत्या चिठ्ठीवरून कोणाचे गुण कापणार नाही, नाहीतर भांडणाचा सूड निघेल. तिघांच्या चिठ्ठ्यांत तेच असेल, वहीतही तेच दिसत असेल आणि त्या मुलाशी मी बोलले असेन, तरच. उदाहरणार्थ गटाला ६ पैकी ५ मिळाले. चौघांना ५. पाचवा तुलनेच्या तिन्ही बैठकांना आला नाही आणि कारणही नव्हतं, तर त्याला २. पण त्याची स्वतःची मुलाखत चांगली असेल तर तिथले १४ पैकी १३ त्याचेच. उलटही खरं : गटाची फाइल उत्तम, पण स्वतःची मुलाखतच नाही, तर १४ पैकी काहीच नाही. आजारी पडलात, घरी अडचण आली, तर तारीख वाढेल, गुण कापणार नाही.

गुण पटले नाहीत तर आठवड्याच्या आत वही घेऊन या. आईला पालकसभेपर्यंत थांबायला लावू नका.

तारखा

बारा प्रश्न १० ऑक्टोबरपर्यंत. मी तपासून दिल्याशिवाय मुलाखतीला जायचं नाही. मुलाखत दिवाळीच्या सुट्टीत. पडताळणी १५ नोव्हेंबर, तुलनेचं पान ५ डिसेंबर, तोंडी ८ ते १२ डिसेंबर.

पडताळणी म्हणजे नोंद लिहून झाल्यावर पुन्हा त्यांच्याकडे जायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. "असं नाही म्हणालो मी" असं ते जिथे म्हणतील तिथे लाल शाईने दुरुस्ती करायची, जुनं वाक्य वाचता येईल असं ठेवून. ज्या पानावर लाल शाई अजिबात नाही, त्याच्याबद्दल मी तोंडीला जरा जास्त विचारीन. एक स्वच्छ प्रत त्यांना देऊन या, मोठ्या अक्षरात.