विषय : ‘प्रोत्साहन रकमेचा गैरवापर’ या कारणाने बंद केलेल्या वॉलेट खात्याची फेरतपासणी करण्याबाबत

दिनांक : १२ जानेवारी २०२६
इचलकरंजी, जि. कोल्हापूर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : १) खाते बंद केल्याचा आपला ईमेल, दि. ९ जानेवारी २०२६, सायं. ६.४०
२) ग्राहक सेवेचे चॅटवरील उत्तर, दि. १० जानेवारी २०२६
३) पूर्ण केवायसी वॉलेट, नोंदणीकृत मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४४१७

महोदय,

संदर्भ १ च्या ईमेलने माझे वॉलेट कायमचे बंद करण्यात आले. कारण म्हणून अट क्र. ७.२ एवढाच उल्लेख आहे. चॅटवर विचारल्यावर तीन गोष्टी सांगण्यात आल्या : एकाच आयपी पत्त्यावरून चार खाती, एकाच मोबाइल संचावर दोन खाती आणि अनेक खात्यांतील रक्कम एका खात्यात जमा. या तिन्ही नोंदी आपल्या प्रणालीत असणारच, त्या मी नाकारत नाही. त्यांवरून एकच व्यक्ती चार नावांनी खाती चालवते असा निष्कर्ष काढला गेला, त्याला माझी हरकत आहे. ती चार खाती एका घरात राहणाऱ्या चार माणसांची आहेत. त्याचे पुरावे सोबत जोडले आहेत.

नोव्हेंबर २०२५ च्या ‘मित्राला जोडा’ योजनेत मी चार जणांना जोडले : माझे यजमान, सासूबाई, दीर आणि सोलापूरला राहणारी मामेबहीण. प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे मला ६०० रुपये मिळाले. योजनेच्या अटींची प्रत मी २ नोव्हेंबरला उतरवून ठेवली होती (जोडपत्र १). त्यात ‘एका व्यक्तीचे एकच खाते’, पूर्ण केवायसी आणि किमान १०० रुपयांचा पहिला व्यवहार या अटी आहेत. एका घरातून किती जणांनी सामील व्हावे यावर मर्यादा नाही. चौघांचे आधार आणि पॅन वेगळे आहेत, सिम ज्याच्या त्याच्या नावावर आहे आणि वॉलेटमध्ये पैसे ज्याच्या त्याच्या बँक खात्यातून भरले आहेत. पहिला व्यवहारही ज्याने त्याने आपल्या गरजेपुरता केला. सासूबाईंचा व्यवहार १३४ रुपयांचा, औषधाच्या दुकानातला. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे त्याच रकमेचे, त्यांच्या नावाचे बिल जोडपत्र २ मध्ये आहे.

आयपी पत्त्याबाबत : आमच्या घरी स्थानिक केबलचालकाचे फायबर कनेक्शन आहे. घरातले सगळे मोबाइल एकाच वाय-फायवर असल्याने बाहेरून सर्वांचा पत्ता एकच दिसतो. शिवाय हा केबलचालक सीजीनॅट वापरतो, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांमध्ये वाटलेला असतो. आमच्या राउटरच्या स्थितीपानावर WAN IP म्हणून `100.72.18.5` दिसतो. `100.64.0.0/10` हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता त्याहून वेगळा असतो. दोन्ही एकाच वेळी दिसतील असे छायाचित्र (`03_router_wan.png`) आणि केबलचालकाचे सही-शिक्क्याचे पत्र जोडपत्र ३ मध्ये आहे. त्या पत्त्यावर आमच्या चार खात्यांखेरीज आणखीही खाती आपल्याला आढळतील. ती आमची नाहीत.

मोबाइल संचाबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुधा सर्वांत जास्त वजन याच नोंदीला दिले गेले असावे. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी मी नवीन मोबाइल घेतला आणि जुना सासूबाईंना दिला. त्यातून मी माझे खाते लॉगआऊट केले, ॲप काढून टाकले, सिम काढले. १२ नोव्हेंबरला त्यांनी आपले सिम घालून स्वतःचे वॉलेट उघडले. अँड्रॉइड ८ पासून पुढे ॲपला मिळणारा `ANDROID_ID` हा संच, त्यावरील वापरकर्ता आणि ॲपची स्वाक्षरी यांवर ठरतो. ॲप काढून पुन्हा टाकले तरी तो सहसा तोच राहतो, संच फॅक्टरी रिसेट केल्यावर बदलतो. घरातच मोबाइल देताना फोटो आणि संपर्क राहावेत म्हणून रिसेट केला नव्हता. त्यामुळे आपल्या प्रणालीला तोच संच ओळखीचा वाटला, यात नवल नाही. मात्र दोन्ही खाती त्या संचावर एकाच काळात कधीच चालू नव्हती. ८ नोव्हेंबरनंतर माझ्या क्रमांकाने त्या संचावरून एकदाही लॉगिन झालेले नाही. हे आपल्या लॉगमध्ये थेट तपासता येईल आणि माझ्या कागदांपेक्षा तो पुरावा भक्कम आहे. माझ्या बाजूने नवीन मोबाइलचे आयएमईआय असलेले बिल, जुन्या मोबाइलचे खोके आणि दोन्ही संचांवर `*#06#` केल्यावर दिसणाऱ्या पडद्यांची छायाचित्रे जोडपत्र ४ मध्ये देत आहे.

रक्कम एका खात्यात जमा झाल्याबाबत : यजमान आणि दीर यांच्या वॉलेटमधून मला नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी २३६ रुपये आले. घरच्या इंटरनेटचे मासिक बिल ६०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे ७०८ रुपये येते. ते मी भरते आणि तिघे कमावते ते सारखे वाटून घेतो. हेच २३६ रुपये दोघे जून २०२५ पासून, म्हणजे योजना सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, बँकेतून यूपीआयने पाठवत होते. नोव्हेंबरपासून ते वॉलेटमधून पाठवू लागले, इतकाच फरक. बँक पासबुकातील त्या ओळी, यूपीआय संदर्भ क्रमांकांसह, आणि सात महिन्यांची इंटरनेट बिले जोडपत्र ५ मध्ये आहेत. सासूबाई आणि मामेबहीण यांच्याकडून मला एक रुपयाही आलेला नाही.

माझी विनंती अशी :

१) लॉगिनच्या नोंदी आणि चारही केवायसी समोर ठेवून या प्रकरणाची फेरतपासणी अधिकाऱ्याकडून व्हावी. तीच स्वयंचलित चाळणी पुन्हा लावल्यास तोच निकाल येईल.

२) वॉलेटमध्ये ४,३१८ रुपये अडकले आहेत. त्यांतले ६०० रुपये योजनेचे, उरलेले ३,७१८ रुपये माझ्या बँक खात्यातून भरलेले. वाद फक्त ६०० रुपयांचा आहे. ते तपासणी होईपर्यंत रोखून ठेवा, पण ३,७१८ रुपये माझ्या पडताळलेल्या बँक खात्यात लगेच परत करा. पूर्ण केवायसी वॉलेट बंद करताना शिल्लक रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांविषयीच्या निर्देशांत आहे.

३) निर्णय कायम ठेवायचा असेल, तर कोणत्या व्यवहाराने कोणती अट मोडली ते तारखेसह लेखी कळवावे. ‘अट ७.२’ एवढ्यावरून मला काहीच खुलासा करता येत नाही.

४) सासूबाईंचे खाते याच कारणाने गोठवले आहे. त्या ६८ वर्षांच्या आहेत आणि औषधांचे पैसे त्यातूनच देतात. त्यांची तपासणी आधी घ्यावी. चौघेही व्हिडिओ केवायसी पुन्हा करायला तयार आहोत, एकाच बैठकीत एकामागोमाग घेतली तरी चालेल.

आधारच्या प्रती मास्क केलेल्या, फक्त शेवटचे चार अंक दिसणाऱ्या आहेत. पासबुकातील या प्रकरणाशी संबंध नसलेल्या ओळी झाकल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत, मागाल तेव्हा दाखवीन. इतर तिघांची संमतीपत्रे जोडपत्र ६ मध्ये आहेत.

या पत्राची पोच आणि तक्रार क्रमांक नोंदणीकृत ईमेलवर पाठवावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास मी हेच पत्र आणि जोडपत्रे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे `cms.rbi.org.in` वर दाखल करीन. हा प्रश्न आपल्याच पातळीवर सुटावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. फोनवर बोलायचे असल्यास दुपारी २ ते ५ या वेळेत मी उपलब्ध असते.

आपली विश्वासू,
सुजाता पाटील

सोबत : जोडपत्र १ ते ६ (एकच पीडीएफ, पाने २३)