एम.ए. (शिक्षणशास्त्र) प्रवेशअर्जासोबतचे उद्देशपत्र

प्रति,
प्रवेश समिती,
एम.ए. शिक्षणशास्त्र, शैक्षणिक वर्ष २०२५-२६

महोदय/महोदया,

लहान मूल संख्या कशी शिकते आणि त्यात मराठीतल्या संख्यानामांचा वाटा किती, या प्रश्नाचा रीतसर अभ्यास करण्यासाठी मी या अभ्यासक्रमाला प्रवेश मागत आहे. अर्जातल्या 'अनुभव' या रकान्यात २०१५ ते २०२४ या वर्षांपुढे मी 'पूर्णवेळ बालसंगोपन' असे लिहिले आहे. हा प्रश्न मला त्याच वर्षांत सापडला. त्याबद्दल मला आज जे कळते, त्यातले बरेचसे मी घरात मुलांसोबत राहूनच शिकले आहे.

शिवाजी विद्यापीठातून २०१२ मध्ये मी गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाले. त्यानंतर मिरजेतल्या एका खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवत होते. तिथे अपूर्णांकाला अडखळणारी मुले रोज भेटत. त्यांची अडचण मी त्याच इयत्तेच्या पुस्तकात शोधायचे, कारण तेव्हा माझ्यापुढे तेवढेच होते. २०१५ मध्ये मुलगी झाली, २०१८ मध्ये मुलगा. यजमानांची नोकरी पाळ्यांची, सासूबाईंचे गुडघे दुखणारे, त्यामुळे मुले पूर्णपणे माझ्याकडे राहिली. शेजारच्या ताई रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच वयाची. तीही दुपारभर आमच्याकडे असे.

बालसंगोपनातून संयम येतो, वेळेचे नियोजन जमते, हे खरेच आहे. पण त्या बळावर मला प्रवेश मागायचा नाही. मी जे शिकले ते एका विषयातले आहे आणि त्याची नोंद माझ्याकडे आहे.

थोरली अडीच-तीन वर्षांची असताना भुईमुगाच्या शेंगा मोजायची. एक, दोन, तीन, चार, पाच, बोट नेमके प्रत्येक शेंगेवर. 'मग किती शेंगा आहेत?' असे विचारले की उत्तर देण्याऐवजी ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची. पुन्हा विचारले की पुन्हा मोजायची. घरातले कौतुकाने म्हणायचे, पोरीला पाचपर्यंत येते. मला मात्र दिसत होते की तिला क्रम येतो, बोट आणि वस्तू यांची जोडी जमते, पण शेवटी उच्चारलेला 'पाच' हा सगळ्या शेंगांचा मिळून आकडा आहे हे अजून उमगलेले नाही. गणिताची पदवी घेतानाही मोजणे या एका क्रियेत इतके वेगवेगळे टप्पे असतील असे मला कधी वाटले नव्हते. त्या दिवसापासून मी वहीत लिहू लागले: तारीख, मुलीचे वय, पुढ्यातल्या वस्तू, मी काय विचारले, ती काय म्हणाली, हाताने काय केले. काही महिन्यांनी तिने चमचे मोजले आणि मी न विचारताच 'चार चमचे' असे म्हणून ते सासूबाईंच्या हातात दिले. ती नोंदही वहीत आहे.

यावर आधी कोणी काम केले असेल का, हे शोधताना कळले की गेलमन आणि गॅलिस्टल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली आहेत. माझ्या वहीतली 'शेवटचा आकडा म्हणजे एकूण' ही गोष्ट त्यांतलेच एक तत्त्व आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बालपणी केलेल्या नोंदींवरून १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात लेख लिहिला, आणि पियाजेने अर्भकांच्या बुद्धीविषयीची मांडणी स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणातून उभी केली, हेही तेव्हाच वाचले. घरात, आपल्याच मुलांपाशी बसून केलेले निरीक्षण हा या विषयाचा एक जुना आणि मान्य पाया आहे. हे कळल्यावर माझ्या नोंदी अधिक काटेकोर झाल्या. मूल बोलले ते शब्द वेगळे आणि त्यावरून मी काढलेला अर्थ वेगळा, असे वहीच्या दोन बाजूंना मी तेव्हापासून लिहिते.

थोरली साडेपाच वर्षांची असताना अडतीसनंतर 'नवतीस' म्हणायची. सदतीस, अडतीस, मग नवतीस. ऐकणारे हसत आणि 'एकोणचाळीस' असे दुरुस्त करत. पण तिने ऐकलेल्या आकड्यांतून स्वतः एक नियम काढला होता आणि तो तर्कशुद्ध होता. मराठीत एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत आपण पुढच्या दशकातून एक वजा करून बोलतो. मात्र ८९ ला नव्याऐंशीही म्हणतो आणि ९९ ला नव्याण्णव. म्हणजे तिचा नियम भाषेत दोन ठिकाणी खराच आहे. आजेसासूबाई पावकी, निमकी, दीडकी पाठ म्हणून दाखवत, त्यामुळे पाठांतराची ताकद मी जवळून पाहिली आहे आणि तिला कमी लेखत नाही. तरीही 'नवतीस' म्हणणाऱ्या मुलाला फक्त चुकलेले मूल मानले, तर त्याने केलेला विचार शिक्षकाच्या हातून निसटतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुलाच्या बाबतीत आणखी बारीक गोष्ट दिसली. त्याला 'पंचवीस लिही' म्हटले की कधी तो ५२ लिहायचा. आपण पाच आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो, तेव्हा हे अनेक मराठी मुलांचे होते. पण काही वेळा तो बरोबर २५ लिहायचा आणि तरी त्याचा हात उलटा चाललेला असायचा: आधी जागा सोडून ५, मग पेन्सिल मागे आणून डावीकडे २. कागदावर उत्तर बरोबर. वही तपासणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. मूल लिहीत असताना शेजारी बसलेल्या माणसालाच ते दिसते, आणि कित्येक संध्याकाळी तो शेजारी बसलेला माणूस मी होते.

शेजारची मुलगी घरी कन्नड बोलते. कन्नडमध्ये २५ ला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि पाच नंतर. २९ म्हणजे 'इप्पत्तोंबत्तु', वीस-नऊ. मी तिच्या आईकडून हे आकडे शिकून घेतले आणि तिला दोन्ही भाषांत सांगून लिहायला दिले. कन्नडमधून सांगितले की तिचा हात डावीकडून उजवीकडे सरळ जाई. मराठीतून सांगितले की तोच हात थांबे आणि कधी कधी मुलासारखाच उलटा फिरे. मूल तेच, पाटीही तीच. एकाच मुलीच्या नोंदीवरून निष्कर्ष निघत नाही, हे मला माहीत आहे. पण संशोधनाचा प्रश्न नक्कीच निघतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना आकड्यांची भीती वाटू नये, जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे सोपी व्हावीत, अशी बाजू मांडली. विरोध करणाऱ्यांना मराठीची जुनी संख्यानामे जातील याची काळजी वाटत होती. थोरली दुसरीत गेली तेव्हा ते पुस्तक आमच्या घरात आले. मी दोन्ही रीती तिच्याबरोबर वापरल्या. 'तीस आठ' म्हटल्यावर तिला तीन दशक आणि आठ एकक लगेच दिसत. पण दुकानात, एस.टी.त, आजीच्या तोंडी 'अडतीस'च असते, म्हणून तेही पक्के व्हावेच लागते. माझ्या मते दोन्ही रीती शेजारी ठेवाव्यात. कोणत्या वयात कोणती आधी यावी, यावर मात्र मत देऊन भागणार नाही, ते वर्गात तपासून पाहावे लागेल. त्या वादात सगळ्यात कमी ऐकू आले ते सहा-सात वर्षांच्या मुलांचे प्रत्यक्ष काम. मला त्या कामाचा अभ्यास करायचा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढे थोरलीच्या शाळेचे पहिलीचे वर्गही मोबाइलवर आले आणि गल्लीतली तीन-चार मुले आमच्या ओसरीवर बसू लागली. सागरगोटे, काड्यांचे दहा-दहाचे जुडगे, खोट्या नोटा असे साहित्य मी तेव्हा जमवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभे केले, त्याबद्दल वाचलेले तेव्हा उपयोगी पडले.

माझ्या तयारीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. मी पाहिलेली मुले मोजकी आहेत. त्यातली दोन माझीच आहेत आणि त्यांना माझ्या प्रश्नांची सवय झाली आहे. नमुना कसा निवडावा, चाचणी सर्वांना सारखी कशी द्यावी, दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का हे कसे तपासावे, संख्याशास्त्राने त्यातून काय म्हणता येते आणि काय येत नाही, हे मला शिकायचे आहे. अभ्यासक्रमातल्या संशोधनपद्धती आणि शैक्षणिक मानसशास्त्र या विषयांची मला सर्वात जास्त गरज आहे. बी.एस्सी.मुळे संख्याशास्त्राचा पाया आहे, त्याची उजळणी मी सुरू केली आहे.

शोधनिबंधासाठी मनात असलेला विषय असा: पाच ते सात वर्षांची मुले ऐकलेली दोन अंकी संख्या लिहिताना कोणता अंक आधी लिहितात, आणि हा क्रम मराठी व कन्नड माध्यमाच्या मुलांत वेगळा असतो का. सांगली जिल्ह्यात, विशेषतः जत तालुक्यात, कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, त्यामुळे हा अभ्यास जवळच होऊ शकतो. फक्त उत्तर न तपासता लिहिणाऱ्या हाताचे चित्रीकरण करावे लागेल, आणि त्यासाठी पालकांची व शाळेची लेखी संमती घ्यावी लागेल. शेजारच्या मुलीबद्दल या पत्रात लिहिण्यापूर्वी मी तिच्या आईला हा मजकूर वाचून दाखवला आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला संख्याज्ञान यावे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठताना पहिलीच्या शिक्षकाला मुलाच्या चुकीमागचे कारण ओळखता आले पाहिजे. पदवीनंतर मला अंगणवाडी सेविका आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करायचे आहे.

दोन्ही मुले आता दिवसभर शाळेत असतात. संध्याकाळची जबाबदारी यजमान आणि माझी धाकटी बहीण यांनी घेतली आहे, आणि मिरजेहून रेल्वेने रोज ये-जा करून पूर्णवेळ उपस्थित राहण्याची माझी तयारी आहे. पदवीचे गुणपत्रक, क्लासच्या संचालकांचे अनुभवपत्र आणि थोरलीच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे शिफारसपत्र सोबत जोडले आहे. बाईंनी ओसरीवरचे काम स्वतः येऊन पाहिले होते. २०१८ पासूनच्या नोंदवह्यांतली निवडक पाने, मुलांची नावे झाकून, परिशिष्ट म्हणून दिली आहेत. मूळ वह्या समितीला कधीही पाहता येतील.

आपली विश्वासू,
अर्जदार
मिरज, जि. सांगली