ही पॅन्ट उभ्या माणसाची आहे

स्लाइड १
एकच पॅन्ट तीनदा परत आली.
आमचं काम त्या पॅन्टपासून सुरू झालं.

स्लाइड २
तेव्हा मी घरीच शिवणकाम करायचे. गणवेश, अल्टरेशन, अधूनमधून एखादी नवी पॅन्ट. एक बाई नवऱ्यासाठी कापड घेऊन आल्या, मापाला जुनी पॅन्ट आणली होती. ती टेबलावर पसरून मी कंबर, सीट, मांडी, लांबी उतरवून घेतली आणि शिवून दिली.
आठ दिवसांनी त्या परत आल्या. "मागून खाली उतरते. पाठ उघडी पडते."

स्लाइड ३
कंबर घट्ट केली. आता पोटात रुतायला लागली, आणि मागून तरीही उतरायचीच.
इलॅस्टिक घातलं. तरी परत आली.
मग मी म्हटलं, त्यांनाच घेऊन या, अंगावर बघते.

स्लाइड ४
ते व्हीलचेअरवर आले. अपघातात मणक्याला मार लागला होता. मापाची पॅन्ट अपघाताच्या आधीची.
"ताई, ही पॅन्ट उभ्या माणसाची आहे. मी दिवसभर बसलेला असतो."
दोन वेळा दुरुस्ती केली, पण पॅन्ट घालणारा माणूस कसा वावरतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

स्लाइड ५
बसल्यावर पॅन्टचं काय होतं, हे त्या दिवशी नीट पाहिलं.
मागचं अंतर वाढतं, त्यामुळे कापड ओढलं जाऊन कंबर खाली सरकते. पुढचं अंतर कमी होतं, म्हणून जास्तीचं कापड पोटाशी गोळा होतं. गुडघा वाकला की पॅन्ट वर चढते आणि घोटा उघडा पडतो.
कंबर कितीही आवळली तरी यातलं काही सुटणार नव्हतं. चूक कटिंगमध्येच होती.

स्लाइड ६
निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मागचे खिसे काढून टाका.
मी सवयीनं दोन खिसे लावले होते, बटणासकट. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकांना कमरेखाली स्पर्श कळत नाही. बटण, रिव्हेट किंवा जाड शिवण तासन्‌तास टोचत राहिली, तरी जाणवत नाही. दाबाखाली त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम होते. आधीच्या एका पॅन्टच्या बटणामुळे ते दीड महिना कुशीवर झोपून होते.
तुम्ही आमच्याकडून पॅन्ट घेतली नाहीत तरी चालेल, पण घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल, तर मागच्या खिशांची बटणं आजच काढा.

स्लाइड ७
मग नवी पॅन्ट मी खुर्चीत बसलेल्या माणसाचं माप घेऊन कापली.
मागचं आसन उंच, पुढचं आखूड. लांबी कमरेपासून गुडघ्यावरून घोट्यापर्यंत. चेन नेहमीपेक्षा लांब, ओढायला मोठी रिंग. मागे खिसे नाहीत, बुडाखाली जाड शिवण नाही. खिसा मांडीवर, हात सहज पोचेल असा.
ती पॅन्ट परत आली नाही. महिन्याभरानं त्यांनी तशाच दोन मागवल्या.

स्लाइड ८
मग त्यांच्या फिजिओथेरपिस्टनं आणखी दोघांना पाठवलं. एकाची बोटं नीट मिटत नव्हती, त्यामुळे कमरेला दोन्ही बाजूंनी अंगठा अडकवता येईल असे लूप शिवले. दुसरीला जीन्सच हवी होती, आणि जीन्सच्या शिवणी तर सगळ्यात जाड. त्यावर माझे दोन महिने गेले.
हे काम अल्टरेशनच्या मधल्या वेळात होणारं नव्हतं. प्रत्येकाचं पॅटर्न वेगळं काढावं लागतं. म्हणून गणवेशांचं काम सोडलं आणि हेच करायचं ठरवलं. आता आम्ही तिघी आहोत.

स्लाइड ९
माप पाठवायचं असेल तर:
रोज ज्या खुर्चीत बसता, त्याच खुर्चीत बसून घ्या. जुन्या पॅन्टवरून नको.
मागे जिथपर्यंत पॅन्ट यायला हवी, तिथे बोट ठेवून बाजूनं एक फोटो काढा. टेपपेक्षा आम्हाला त्या फोटोचा जास्त उपयोग होतो.
कॅथेटरची पिशवी पायाला बांधत असाल, तर कोणत्या पायाला, तेही लिहा. त्या बाजूला आतून चेन देतो.

स्लाइड १०
अजून जमलेलं नाही ते:
लहान मुलांच्या पॅन्ट. मुलं वाढतात, आणि दर सहा महिन्यांनी नवं पॅटर्न घेणं पालकांना परवडत नाही. लांबी आणि आसन दोन्हीकडे दुमड ठेवून बघतोय, पण आसनातली दुमड बसल्यावर टोचते.
तुमच्या घरी कुणी यावर काही उपाय केला असेल, तर मेसेज करा. फोटो पाठवलात तर फारच बरं.

कॅप्शन
पहिल्या स्लाइडमधली पॅन्ट अजून आमच्याकडे आहे. कटिंग शिकायला येणारीला पहिल्या दिवशी ती उसवायला देतो.