सेमिस्टरची वाटणी

मंडळी, मशिन्सचा पेपर सोमवारी, इलेक्ट्रॉनिक्सचा बुधवारी, सिग्नल्सचा शुक्रवारी. चौघंही सगळं वाचत बसलो तर एकाचंही धड होणार नाही.

ओंकार, ट्रान्सफॉर्मर आणि डीसी मशिन्स तुझ्याकडे. ओपन सर्किट टेस्ट लो व्होल्टेज बाजूने, शॉर्ट सर्किट टेस्ट हाय व्होल्टेज बाजूने घेतात. त्या रीडिंगवरून इक्विव्हॅलंट सर्किटचं गणित घालतात. इम्पिडन्स एका बाजूवरून दुसरीकडे नेताना टर्न्स रेशोचा वर्ग लागतो, इथेच सगळे आपटतात. दोन गणितं फळ्यावर सोडवून दाखव.

इंडक्शन मोटर मी घेतो. 4 पोल, 50 हर्ट्झ म्हणजे सिंक्रोनस स्पीड 1500. मोटर 1440 ला फिरत असेल तर स्लिप 4 टक्के. एवढं तोंडपाठ ठेवा, टॉर्क-स्लिप कर्व्ह मी शिकवतो.

सायली, इलेक्ट्रॉनिक्स तुझंच. ट्रान्झिस्टर बायसिंग आणि ऑप-अँप एवढंच पक्कं कर, बाकीचं वरवर चालेल.

तन्वी, सिग्नल्स. कन्व्होल्यूशनवर हवा तितका वेळ घे: एक सिग्नल उलटवायचा, सरकवायचा, ओव्हरलॅप बघून इंटिग्रेशनच्या लिमिट बदलायच्या. आकृती काढल्याशिवाय कुणाच्याही डोक्यात शिरणार नाही. फूरियर, लाप्लास त्यानंतर; लाप्लासमध्ये आरओसी लिहायचं राहू देऊ नका. सॅम्पलिंग थिअरम मी बघतो, दहा मिनिटांचं काम आहे.

शनिवारी संध्याकाळी सहाला ओंकारच्या खोलीवर. ज्याचा टॉपिक त्याने वही न बघता शिकवायचं. झेरॉक्सचे पैसे सायलीला द्या, मागचेही बाकी आहेत.