बिडाचा घ्यावा की लोखंडी?

फोटोतले दोन्ही तवे आमचेच. डावीकडचा बिडाचा : 10 इंच, वजन सव्वादोन किलो, 950 रुपये. उजवीकडचा लोखंडी पत्र्याचा : तोही 10 इंच, पण वजन एक किलोच्या आत, 480 रुपये. रोज कुणीतरी विचारतं, “ताई, यातला चांगला कुठला?” मी उलट विचारते, “घरात जास्त काय होतं?”

घावन, आंबोळ्या, धिरडी, थालीपीठ आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, तर बिडाचा घ्या. तापायला पाच-सात मिनिटं घेतो, पण एकदा तापला की गार पीठ पडलं तरी ताव सोडत नाही, म्हणून घावनाला जाळी छान पडते. तेल आम्ही आधीच मुरवून देतो, तरी पहिली चार-पाच घावनं चिकटतीलच. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत राहा, हळूहळू रुळतो.

रोज सकाळी डब्याच्या पंधरा पोळ्या करायच्या असतील, तर मात्र लोखंडी. झटकन तापतो आणि आच कमी केली की लगेच ऐकतो. बिडाच्या तव्यावर आच कमी केली तरी पुढच्या दोन पोळ्या करपतात, हे आमच्याच घरी घडलंय! लोखंडी तवा थोडा खोलगट आहे. भाकरीला तो बरा, पण इंडक्शनवर नीट बसत नाही. बिडाचा बुडाला सपाट आहे, तो इंडक्शनवर चालतो. फक्त काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.

आणि मनगटाचं बघा. गेल्या दिवाळीत एका आजींनी हौसेने बिडाचा नेला आणि आठ दिवसांत बदलून लोखंडी घेतला, कारण एका हाताने उचलवेना. तेव्हापासून वजन आधी सांगते. बीड कडक असलं तरी ठिसूळ. ओट्यावरून फरशीवर पडलं तर तडकू शकतं, तापलेल्यावर गार पाणी ओतलं तरी तीच भीती. लोखंडी पडला तर फार तर पोचा येईल.

गंज दोघांनाही लागतो. सिंकमध्ये भिजत ठेवू नका. धुतला की पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. टोमॅटो, चिंच, कोकमाचं काही यात शिजवू नका.

घरात नॉनस्टिक आहे आणि त्यावर तुमचं छान चाललंय? मग चालू द्या, घाई नाही.

तवा हवा असेल तर मेसेजमध्ये दोनच गोष्टी लिहा : शेगडी कुठली आणि रोज काय करता. कुठला पाठवायचा ते सांगते. न वापरलेला तवा आठ दिवसांत बदलून मिळेल, कुरिअरचा खर्च मात्र तुमचा.